आधी कोणता बग?

वापरात असलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ठाऊक असलेल्या बगांची संख्या ते दुरुस्त करणाऱ्या हातांपेक्षा नेहमीच जास्त असते. त्यामुळे कोणता बग आज हाती घ्यायचा, कोणता पुढच्या आवृत्तीसाठी ठेवायचा आणि कोणता तसाच राहू द्यायचा, हे ठरवणे हे रोजचे काम होऊन बसते. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये या निवडीला ‘ट्रायाज’ म्हणतात. ही निवड तीन प्रश्नांवर चालते. बगमुळे नुकसान किती होते, ते किती जणांचे होते आणि दुरुस्तीला मेहनत किती लागेल? प्रश्न सोपे आहेत, पण त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळली की निर्णय चुकतो.

पहिला प्रश्न तीव्रतेचा, म्हणजे सिव्हिरिटीचा. तीव्रता हा बगचा गुणधर्म आहे. एखाद्या माणसाला तो बग भेटला तर त्याचे काय होईल, एवढेच ती सांगते. काम कोणत्या क्रमाने करायचे, म्हणजे प्रायॉरिटी, हा त्यानंतरचा वेगळा निर्णय असतो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या नोंदवहीत या दोन्हींसाठी म्हणूनच वेगवेगळे रकाने आहेत. तिथे तीव्रतेच्या S1 ते S4 अशा चार पायऱ्या आहेत. माहिती नष्ट होत असेल आणि त्यावर काही तोडगा नसेल तर बग S1. महत्त्वाची सोय मोडली आणि समाधानकारक पर्यायी वाट नसेल तर S2. दुय्यम सोय मोडली, पण दुसऱ्या मार्गाने काम भागत असेल तर S3. किरकोळ दोष S4 मध्ये जातात. या पायऱ्या ठरवताना पर्यायी वाटेला, म्हणजे वर्कअराउंडला, किती वजन दिले आहे हे पाहण्यासारखे आहे. ‘छापा’ हे बटण चालत नसेल पण कीबोर्डवरून छपाई होत असेल, तर तो बग त्रासदायक असला तरी काम अडवत नाही. उलट जे गेले ते परत मिळत नाही, अशा बगला कोणतीही पर्यायी वाट नसते. पुसली गेलेली फाईल, चुकीच्या खात्यात गेलेले पैसे, बाहेर फुटलेला पासवर्ड ही सगळी त्याच जातीची नुकसाने.

दुसरा प्रश्न संख्येचा. इथे तक्रारींची संख्या आणि बाधितांची संख्या यांत गल्लत होते. बहुतेक माणसे तक्रार करत नाहीत. ती ॲप बंद करतात, पुन्हा उघडतात किंवा काढून टाकतात. म्हणून मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये बंद पडण्याच्या घटना आपोआप कळवण्याची सोय असते. वापरणाऱ्याने परवानगी दिली तर फायरफॉक्स बंद पडल्याचा अहवाल मोझिलाकडे जातो. कोडमध्ये एकाच ठिकाणी कोसळलेले अहवाल तिथे एका खुणेखाली गोळा होतात आणि कोणती खूण सर्वाधिक दिसते याची यादी तयार होते. पण असे मोजमाप फक्त सॉफ्टवेअर कोसळले तरच होते. एखादी फाईल गुपचूप नाहीशी झाली, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळे सुरळीत असते आणि यादीत काहीच उमटत नाही.

हे किती महागात पडते ते विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने दाखवले. २ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने आवृत्ती १८०९ खुली केली. काही दिवसांतच लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरांमधल्या फाईली अपडेटनंतर नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने वितरण थांबवले. कंपनीनेच दिलेल्या आकड्यानुसार, प्रत्यक्ष फाईली गमावल्याच्या तक्रारी एकूण अपडेटच्या ०.०१ टक्का होत्या. म्हणजे दहा हजारांत एक. नुसत्या संख्येने पाहिले तर हा बग यादीच्या तळाशी गेला असता, आणि झालेही तसेच. अपडेट सर्वांसाठी खुले होण्याआधी ज्या उत्साही वापरकर्त्यांना ते चाचणीसाठी मिळाले होते, त्यांच्यापैकी काहींनी फाईली गेल्याचे कंपनीच्या अभिप्राय ॲपमध्ये नोंदवले होते. पण त्या ॲपमध्ये नोंदी वर येत त्या इतरांनी दिलेल्या मतांवर, आणि या नोंदींना मते थोडी होती. दहा हजारांत एकाला होणाऱ्या त्रासाला मते मिळणार तरी कुठून? त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अभिप्राय देणाऱ्याला नुकसानाची तीव्रताही नोंदवता येईल, असा बदल केला. तीव्रता आणि संख्या ही दोन वेगळी मापे का हवीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

तिसरा प्रश्न मेहनतीचा, आणि त्याचा धडाही याच प्रकरणात आहे. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवता येतात. आधीच्या, एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर असे वळवलेले फोल्डर असणाऱ्यांच्या संगणकांवर त्याच नावाचे रिकामे जादा फोल्डर दिसू लागले. तक्रार खरी होती, पण दोष दिसण्यापुरता होता. तो निस्तरण्यासाठी हे रिकामे जोडफोल्डर काढून टाकणारा कोड ऑक्टोबरच्या आवृत्तीत घातला गेला. त्याच सुमारास अपडेटच्या प्रक्रियेत आणखी एक बदल झाला होता. दोन्ही एकत्र आल्यावर काही संगणकांवर मूळ जागेचे फोल्डर रिकामे नसतानाही पुसले गेले. ज्यांनी फोल्डर वळवताना जुन्या फाईली नव्या जागी हलवल्या नव्हत्या, त्यांच्या त्या जुन्या फाईली गेल्या. दुरुस्त केलेले अपडेट पुन्हा खुले व्हायला १३ नोव्हेंबर उजाडला.

म्हणून मेहनतीचा अंदाज बांधताना कोड लिहायला लागणारे तास मोजणे पुरेसे नसते. बग पुन्हा घडवून पाहणे, कारण शोधणे, दुरुस्तीने दुसरे काही मोडले नाही ना हे तपासणे आणि नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोचवणे, हे सगळे त्यात येते. दोन ओळींचा बदल फाईली पुसण्याच्या कोडमध्ये असेल, तर तो एखाद्या पडद्यावर दोनशे ओळी लिहिण्यापेक्षा जास्त जोखमीचा असतो. किरकोळ बग जोखमीच्या कोडमध्ये असेल तर तो राहू देणे हाही अनेकदा योग्य निर्णय ठरतो.

हे तीन आकडे एकत्र कसे करायचे? तीव्रतेला बाधितांच्या संख्येने गुणायचे आणि मेहनतीच्या दिवसांनी भागायचे, ही प्रचलित रीत आहे. ती कुठे फसते ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. समजा, बसची तिकिटे विकणारे एक ॲप आहे आणि रोज एक लाख माणसे ते वापरतात. त्यात चार बग आहेत. पहिला, मुखपृष्ठावर एका थांब्याच्या नावात शुद्धलेखनाची चूक आहे. ती सर्व एक लाख जणांना दिसते आणि दुरुस्तीला दिवसाचा दहावा भाग लागेल. दुसरा, पासांची यादी फार हळू उघडते. दहा हजार जणांना त्रास, आठ दिवसांचे काम. तिसरा, जुन्या फोनवर ॲप उघडतच नाही. चार हजार बाधित, दोन दिवसांचे काम. चौथा, पैसे देताना नेटवर्क गेले तर पैसे कापले जातात पण तिकीट मिळत नाही. रोज तीनशे जणांना फटका, पाच दिवसांचे काम.

तीव्रतेला अनुक्रमे १, २, ३ आणि ४ गुण दिले तर काय होते? शुद्धलेखनाच्या चुकीला दहा लाख गुण मिळतात, न उघडणाऱ्या ॲपला सहा हजार, संथ यादीला अडीच हजार आणि पैसे बुडवणाऱ्या बगला जेमतेम २४०. हिशेबात चूक नाही, पण उत्तर भलतेच आहे. कारण १ ते ४ हे फक्त पायऱ्यांचे क्रमांक आहेत. चौथी पायरी पहिलीच्या चौपट वाईट आहे, असे कुणी मोजलेले नाही. पैसे गमावणे हे चुकीचे स्पेलिंग दिसण्याच्या चौपट नुकसान आहे, असे कोणताही प्रवासी म्हणणार नाही.

हाच हिशेब १, १०, १०० आणि १००० अशा चढत्या वजनांनी केला तर चित्र सुधारते. न उघडणाऱ्या ॲपला दोन लाख, पैशांच्या बगला साठ हजार आणि संथ यादीला साडेबारा हजार गुण मिळतात. शुद्धलेखन दहा लाखांवर तसेच राहते, पण ते पाऊण तासाचे बिनधोक काम असल्याने आधी उरकले तरी कुणाचे अडत नाही. तरीही तीनशे जणांचे पैसे रोज कापले जात असताना तो बग तिसऱ्या क्रमांकावर राहतोच. वजने आणखी ताणून हवा तो क्रम आणता येईल, पण मग आकडेमोडीला अर्थ उरत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते.

त्यापेक्षा तीव्रतेची सर्वांत वरची पायरी सूत्रातून बाहेर काढणे अधिक प्रामाणिक आहे. पैसे, माहिती, सुरक्षितता किंवा जीव यांना न भरून येणारी हानी करणारा बग रांगेत उभाच करायचा नाही. तो थेट हाती घ्यायचा आणि उरलेल्यांसाठीच सूत्र वापरायचे. डेबियन या लिनक्स वितरणात अशी भिंत पूर्वीपासून आहे. तिथे क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन वर्गांतले बग ‘रिलीज-क्रिटिकल’ मानले जातात. नव्या आवृत्तीआधी ते दुरुस्त व्हावेत किंवा ते पॅकेजच आवृत्तीतून वगळावे, असा तिथला रिवाज आहे.

थेट हाती घेणे म्हणजे पाच दिवस सगळ्यांनी त्याच कामात बुडणे नव्हे. बसच्या ॲपमध्ये आधी अर्ध्या दिवसात अडकलेले व्यवहार शोधून पैसे परत करण्याची सोय लावता येते. पैसे परत मिळू लागले की नुकसान गैरसोयीपुरते उरते, तीव्रता एक पायरी खाली येते आणि मूळ दुरुस्ती सावकाश, नीट तपासून करता येते. अनुभवी चमू आधी वाहते नुकसान थांबवतात आणि मगच कारणाच्या मागे लागतात.

यादी एकदा लावून भागत नाही. बाधितांची संख्या वाढते, एखादी पर्यायी वाट बंद होते, सोपे वाटलेले काम आठवडा खाते. म्हणून प्रत्येक आवृत्तीआधी वरच्या बगांचे आकडे पुन्हा तपासावे लागतात. जे कधीच हाती घेतले जाणार नाहीत, ते ‘दुरुस्त करणार नाही’ असे कारणासह लिहून बंद करावे लागतात. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या हजारो नोंदींत नवा गंभीर बग सहज हरवतो. बग कळवणाऱ्या वाचकाने ‘ॲप चालत नाही’ एवढेच न लिहिता काय करत असताना काय बिघडले, त्यात काय गमावले आणि दुसऱ्या वाटेने काम झाले का, या तीन गोष्टी लिहिल्या, तर त्या नोंदीला योग्य पायरी पहिल्याच वाचनात मिळण्याची शक्यता वाढते.