खोळंब्यातला विनोद

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढणीवर ज्याची गाडी कधी खोळंबली नाही, असा श्रोता या मांडवात क्वचितच सापडेल. बोगदा झाल्यापासून पुण्याकडे जाणारी वाहने त्यातून जाऊ लागली आणि साताऱ्याकडे येणाऱ्यांच्या वाट्याला जुना वळणांचा घाट राहिला. सुटीच्या आदल्या दिवशी तिथे मालाचा एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते. मग माणसे मोबाइल काढतात आणि मीम तयार होते.

मीम म्हणजे एक चित्र व त्याला जोडलेली एक ओळ. चित्र एकटे असले तर ती तक्रार होते. ओळ एकटी असली तर बाष्कळ वाटते. रांगेच्या छायाचित्राखाली लिहून पाहा : ‘गणपतीला निघालो होतो, दसऱ्याचे सोने घाटातच वाटले.’ येथे वेळ तासांनी न मोजता सणांनी मोजली आहे, एवढीच काय ती करामत.

आमच्याकडच्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी मुंबईला नोकरीस असते, त्यामुळे लोकलची मीम्सही इथवर पोहोचतात. डब्यातले बाकडे तिघांचे. चौथा माणूस कडेला कसाबसा टेकतो, अर्धे अंग बाहेरच. हीच ती प्रसिद्ध ‘चौथी सीट’. तिच्या चित्राखाली ओळ येते : ‘अखेर मुंबईत स्वतःची जागा झाली.’ ‘जागा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ज्याने भोगले आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

या दोन्ही ओळींत कोणालाच दोष दिलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. म्हणूनच काका, साहेब आणि व्याही असलेल्या गटांतही त्या बिनधोक फिरतात. पण कोणाला दुखवत नाही तो विनोद कोणाकडे काही मागतही नाही. शिवाय त्यावर तारीख नसते. ऐन पावसाळ्यात घाटाचे ‘आत्ताचे’ म्हणून आलेले चित्र पाहून निघणे रद्द करण्यापूर्वी डोंगर पाहावेत. ते पिवळे दिसले तर चित्र उन्हाळ्यातले. वाहने दोन्ही दिशांनी जाताना दिसली, तर तो आजचा खंबाटकी घाटच नव्हे.

लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांचे चित्रही मीम करणाऱ्यांच्या फार आवडीचे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असता असेच लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले चौघे त्याच दिवशी दगावले. मीही तोवर तसली चित्रे हसत पुढे धाडीत असे. दुसऱ्या दिवशीही दारांना माणसे लोंबकळतच होती, कारण कामाची वेळ बदललेली नव्हती.