पोटातली पिशवी सुजते तेव्हा

मोठं आतडं काढलेल्या माणसाला दिवसातून किती वेळा संडासला जाता असं विचारलं आणि उत्तर 'सहा वेळा' आलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं याला जुलाब लागलेत. तो मात्र ठणठणीत असतो. त्याच्यासाठी सहा हा आकडा रोजचाच आहे. काळजी करायची ती हाच आकडा चार दिवसांत बारावर गेला तर.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. बऱ्याच जणांचं औषधांवर भागतं. काहींचं भागत नाही, आणि मग मोठं आतडं गुदाशयासकट काढून टाकावं लागतं. एके काळी याचा अर्थ पोटावर जन्मभराची बॅग असाच होता. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स या सर्जननी दुसरी वाट दाखवली: लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचीच आत एक पिशवी शिवायची आणि ती गुदद्वाराशी जोडायची. दोनच वर्षांनी जपानच्या उत्सुनोमिया यांनी तिचा सोपा आकार काढला. आतड्याचा शेवट इंग्रजी जे अक्षरासारखा दुमडायचा आणि पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीच्या दोन्ही बाजू एकमेकींना जोडून मधली भिंत उघडायची. आज बहुतेक ठिकाणी हाच 'जे पाउच' करतात. टाके भरून येईपर्यंत काही आठवडे किंवा महिने पोटावर तात्पुरता स्टोमा असतो, तो बंद झाला की पाउच कामाला लागतो.

पाउच स्थिरावला की दिवसातून साधारण चार ते आठ वेळा जावं लागतं, रात्री बहुधा एकदा. मल घट्ट पेजेसारखा असतो. मुख्य म्हणजे जोर आला तरी थोडा वेळ धरून ठेवता येतं.

या पाउचच्या अस्तराला सूज आली की त्याला पाउचायटिस म्हणतात. कोलायटिससाठी पाउच केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो कधी ना कधी एकदा तरी होतो, आणि बऱ्याचदा स्टोमा बंद केल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच. कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण एक धागा हाती आहे. लहान आतड्यातून अन्न पुढे सरकत राहतं, तिथे काही साठवून ठेवायची सोय नसते. पाउचमध्ये मल तासन् तास थांबतो, जंतूंची संख्या वाढते, त्यांचे प्रकार बदलतात आणि लहान आतड्याचं अस्तर हळूहळू मोठ्या आतड्यासारखं दिसू लागतं. पण सगळा दोष साठलेल्या मलावर टाकता येत नाही. आतड्यात शेकडो पॉलिप होण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यातही हेच ऑपरेशन करतात आणि हाच पाउच बनवतात. त्या रुग्णांना पाउचायटिस क्वचितच होतो. म्हणजे ज्या शरीराने मोठ्या आतड्याशी वैर धरलं होतं, तेच आता पाउचमधल्या जंतूंवर नको तेवढं चवताळतं, असं मानायला जागा आहे. मोठं आतडं गेलं तरी स्वभाव जात नाही.

उदाहरणासाठी नाशिकचा एक एसटी कंडक्टर घेऊ. वय चौतीस. स्टोमा बंद होऊन दहा महिने झालेत. दिवसा पाच वेळा, रात्री एकदा, आणि दोन तासांची फेरी तो निर्धास्त करतो. मग एका आठवड्यात गाडी घसरते. आधी आठ, मग अकरा, मग तेरा वेळा. रात्री चारदा उठावं लागतं, आणि उठायच्या आधीच कपड्याला डाग लागलेला असतो. ओटीपोटात कळ येते, जाऊन आलं तरी पोट मोकळं वाटत नाही, दोन मिनिटंही धरवत नाही. अंगात कसकस. रक्त नाही. पाउचायटिसचं हे नेहमीचं चित्र. सांधेही काही जणांचे याच दिवसांत दुखू लागतात.

तो काय करतो? आपण सगळे करतो तेच. मेडिकलमध्ये जाऊन लूज मोशनची गोळी मागतो, आणि दुकानदार नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकत्र असलेलं पाकीट काढून देतो. गंमत म्हणजे या गोळीने त्याला खरंच बरं वाटतं, कारण ती पाउचायटिसवर चालणाऱ्या औषधांच्याच घराण्यातली आहे. तिसऱ्या दिवशी तो गोळ्या थांबवतो. आठवडाभरात सगळं परत येतं. आता डॉक्टरांकडे गेल्यावर निदान आणखी अवघड झालेलं असतं. अर्धवट औषधाने सूज थोडी दबलेली असते, आणि अँटिबायोटिक घेतल्यामुळेच होणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्गही आता यादीत आलेला असतो.

म्हणून आधी मलाची तपासणी होते, आणि मग पाउचोस्कोपी. नाव दणदणीत असलं तरी तपासणी छोटी आहे. एनिमा देऊन दुर्बिणीची नळी पाउचपर्यंत न्यायची, बरेचदा भूलही लागत नाही. डॉक्टर तीन जागा पाहतात. पाउचमध्ये लाली, सूज, स्पर्श होताच झिरपणारं रक्त, उथळ व्रण आहेत का? त्याच्या वरचं लहान आतडं स्वच्छ आहे का? आणि खाली, जोडाजवळ उरलेल्या गुदाशयाच्या पट्टीची स्थिती काय आहे? पाउच सुजलेला, वरचं आतडं निरोगी, तर पाउचायटिस. व्रण वरच्या आतड्यात दूरवर गेले असतील तर क्रोन्सची शंका घ्यावी लागते. पाउच चांगला पण खालची पट्टी लाल असेल, तर तो जुनाच कोलायटिस त्या उरलेल्या तुकड्यात जागा झालेला असतो. लाल रक्त पडण्याची तक्रार त्यात जास्त असते आणि उपचारही वेगळा, बहुतेक वेळा मेसालामाइनच्या सपोझिटरीने. कधी जोडाची जागाच आखडलेली निघते. मग सारखं जावंसं वाटतं, पण पाउच पुरता रिकामा होत नाही. काहींच्या बाबतीत दुर्बिणीत काहीच सापडत नाही. त्रास खरा असतो, पण सूज नसते. या माणसांना अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. पहिलाच झटका असेल आणि लक्षणं अगदी ठरावीक असतील तर काही डॉक्टर दुर्बिणीआधीच गोळ्या सुरू करतात, ते चूक नाही. गोळ्यांनी उतार पडला नाही किंवा झटका परत आला, तर मात्र आत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या कंडक्टरला सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चौदा दिवस अशी चिठ्ठी मिळते. दुसरा नेहमीचा पर्याय मेट्रोनिडाझोलचा, साठ किलोच्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. दोन्ही चालतात. सिप्रोफ्लॉक्सासिन सहसा जास्त सोसवतं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, दारू पूर्ण बंद ठेवावी लागते, आणि ते महिनोन्‌महिने चाललं तर पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. त्या मुंग्यांकडे दुर्लक्ष केलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे नखरे वेगळे. दूध, दही, ताक यांच्याबरोबर घेतलं तर ते पोटातच अडकतं आणि रक्तात कमी पोहोचतं. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीची काही औषधंही हेच करतात, आणि पाउचवाल्या माणसाला लोहाची गोळी बऱ्याचदा चालू असतेच. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन त्या गोळीच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. उन्हाने त्वचा लवकर भाजते. आणि टाचेच्या मागची शीर दुखायला लागली तर 'उभं राहून दुखत असेल' म्हणून कंडक्टरने ती सोसू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं, कारण या औषधाने ती शीर तुटल्याची उदाहरणं आहेत. पाठीच्या स्नायूंसाठी टिझानिडिन चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन चालतच नाही. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, कारण या वेदनाशामकांनीही पाउच चिडतो. पॅरासिटामॉल चालतं.

फरक लवकर दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेराचे आठ होतात, रात्रीचं उठणं एकावर येतं. खरा मोह इथेच असतो. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. तोवर पाणी आणि मीठ भरून काढायला ओआरएस. मोठं आतडं नसलेलं शरीर पाणी आणि मीठ भराभर गमावतं. नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही.

बऱ्याच जणांची गोष्ट इथे संपते. काहींना वर्षातून एक-दोनदा पुन्हा कोर्स लागतो. प्रश्न उभा राहतो तो गोळ्या थांबल्या की दोन-तीन आठवड्यांत त्रास हजर होणाऱ्यांचा. त्यांना डॉक्टर लागेल तेवढ्या कमीत कमी मात्रेवर अँटिबायोटिक चालू ठेवतात, मधूनमधून आठवडाभर खंड देतात, किंवा आलटून पालटून औषध बदलतात, म्हणजे जंतू एकाच औषधाला सरावत नाहीत. काहींना कोर्सनंतर अनेक जंतूंचं एक विशिष्ट, भारी मात्रेचं प्रोबायोटिक उपयोगी पडतं. दुकानात मिळणारी कुठलीही प्रोबायोटिक पुडी त्याची जागा घेत नाही, आणि दही तर नाहीच.

चार आठवडे अँटिबायोटिक देऊनही पाउच शांत झाला नाही, तर जंतूंचा पाठलाग थांबवून शरीराच्या भडकलेल्या प्रतिकाराकडे वळावं लागतं. बुडेसोनाइड हे आतड्यातच काम करणारं स्टेरॉइड, किंवा शिरेतून दिलं जाणारं व्हेडोलिझुमॅब. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत चौदा आठवड्यांनंतर व्हेडोलिझुमॅब घेतलेल्या ३१ टक्के रुग्णांचा पाउच शांत झाला होता, नुसती सलाइनसारखी निरुपद्रवी शिरेतली औषधं मिळालेल्यांपैकी १० टक्क्यांचा. म्हणजे औषध कामाचं आहे, पण हमीचं नाही, आणि आपल्याकडे ते महागही आहे.

जोराचा ताप, थंडी वाजणं, पोट फुगून उलट्या होणं किंवा पाउचमधून काहीच बाहेर न येणं, हे पाउचायटिसचं लक्षण नव्हे. आत पू झालेला असू शकतो किंवा आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो, आणि तेव्हा घरात उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या पाकिटाला हात न लावता सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं.