ओढ्याकाठी हरवलेला काळ

एका नवोदित कथेत शोभेल असा हा परिच्छेद, या लेखापुरता रचलेला:

‘पावसाने जोर धरला होता. सखाराम एसटीतून उतरला आणि घराकडे निघाला. ओढ्याला पाणी चढलं होतं. तो काठावर थांबतो, चपला हातात घेतो आणि पाण्यात पाय टाकतो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. पलीकडे कुणीतरी कंदील घेऊन उभं आहे. सखारामने हाक मारली. “कोण आहे?” पलीकडून आवाज येतो. तो बापाचा आवाज आहे, हे त्याने ओळखलं. हा ओढा दर पावसाळ्यात असाच फुगतो.’

वाचताना कुठेतरी ठेच लागते, पण नेमकी कुठे ते पटकन सांगता येत नाही. ती शोधण्याची रीत साधी आहे. पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याच्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची आणि भूतकाळ असेल तर ‘भू’, वर्तमान असेल तर ‘व’ असे लिहायचे. ‘घेऊन’सारखी रूपे सोडून द्यायची, कारण त्यांना स्वतःचा काळ नसतो. या परिच्छेदात 15 क्रियापदे निघतात: 7 ‘भू’ आणि 8 ‘व’.

म्हणजे आठही ‘व’ चुकीचे? नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्टीतली घडामोड आहे की आणखी काही? थांबतो, घेतो, टाकतो, उभं आहे, येतो या पाच ठिकाणी गोष्ट पुढे सरकते किंवा त्या क्षणीचे दृश्य दिसते. बाकीची गोष्ट भूतकाळात असल्याने हे पाचही बदलायला हवेत.

उरलेल्या तिघांना मात्र हात लावायचा नाही. ‘कोण आहे?’ हा संवाद आहे आणि माणसे बोलताना त्यांच्या वर्तमानातच बोलतात. ‘बापाचा आवाज आहे’ हे सखारामच्या मनात त्या क्षणी उमटलेले वाक्य आहे. ‘त्याने ओळखलं’ हा भूतकाळ असला तरी, जे ओळखले ते मराठीत वर्तमानात सांगणे अगदी स्वाभाविक आहे. इंग्रजीत अशा वाक्यातला काळही सहसा मागे ढकलतात. तो नियम मराठीला लावून सरसकट ‘होता’ केले, तर ‘पूर्वी तो बापाचा आवाज होता, आता नाही’ असाही अर्थ डोकावू लागतो. आणि ‘फुगतो’ ही ओढ्याची आजही टिकून असलेली सवय आहे. पुढे त्यावर धरण होऊन ओढा आटला असेल, तरच तिथे ‘फुगायचा’ येईल.

दुरुस्ती करताना नुसते शेपूट बदलून भागत नाही, आणि घसरण होण्याचे एक कारणही इथेच सापडते. ‘तो थांबतो, घेतो, टाकतो’ या तिन्ही क्रियांना एकच ‘तो’ पुरतो. भूतकाळात ‘तो थांबला’ चालते, पण पुढे ‘त्याने चपला घेतल्या’, ‘त्याने पाय टाकला’ असे म्हणावे लागते. कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. लिहिण्याच्या ओघात हात सोपी वाट धरतो. म्हणून वाक्यच नव्याने बांधावे: ‘तो काठावर थांबला. चपला हातात घेऊन त्याने पाण्यात पाय टाकला.’ पुढे ‘उभं होतं’ आणि ‘आवाज आला’ केले की परिच्छेद सुरळीत होतो.

घसरणीच्या आणखी काही जागा ठरलेल्या असतात. संवाद संपल्यावर त्यातला वर्तमानकाळ निवेदनात झिरपतो. वरचा ‘आवाज येतो’ तसाच आला आहे. प्रसंग रंगात आला की लेखकाला तो डोळ्यांसमोर दिसू लागतो आणि ‘थांबला’चा ‘थांबतो’ होतो. दोन बैठकांत लिहिलेल्या मजकुराचा सांधाही तपासावा. पटकथा वर्तमानात लिहितात, त्यामुळे तिची सवय असलेल्यांनी कथा लिहिताना अधिक जागरूक राहावे.

जाणूनबुजून केलेला बदल ही चूक नव्हे. ‘दार ढकललं, बघतो तर काय, घर रिकामं!’ यातला ‘बघतो’ बोलीतला मुरलेला आहे. तो क्षणभर येऊन जातो आणि वाचक अडखळत नाही. एखादा अख्खा प्रसंग वर्तमानात हवा असेल तर तो नव्या परिच्छेदापासून सुरू करावा, शेवटपर्यंत तसाच ठेवावा आणि परत येतानाही परिच्छेद बदलावा. एका वाक्यापुरता आलेला आणि कारण सांगता न येणारा ‘व’ मात्र बहुधा घसरणीचाच असतो.

अख्खी कथाच वर्तमानात असेल तर हीच तपासणी उलट करायची: प्रत्येक ‘भू’ला कारण विचारायचे. आधी घडून गेलेल्या गोष्टी भूतकाळात राहतील, बाकीच्या बदलतील.

सखारामच्या दुरुस्त परिच्छेदात अजूनही तीन वर्तमानकाळ आहेत, आणि ते तिथेच राहायला हवेत.