‘A’ पाठवला, ‘¡’ आला

८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या जुन्या बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा अवघड आकड्याचा क्रिस्टल का असतो? ९६०० बॉडसाठी टायमर-१ ला क्रिस्टलची वारंवारता भागिले (३८४ × ९६००) इतका भाजक हवा. ११.०५९२ला तो नेमका ३ येतो, म्हणून TH1 मध्ये २५६ – ३ = २५३ भरायचे.

१२ मेगाहर्ट्झला मात्र भाजक ३.२६ येतो. अपूर्णांक भरता येत नाही. ३ घेतला की वेग होतो १०४१७, म्हणजे साडेआठ टक्के जास्त.

एवढ्याने काय बिघडते? संगणक स्टार्ट बिटची कड पाहून घड्याळ जुळवतो आणि पुढचा प्रत्येक बिट त्याच्या मध्यावर वाचतो. चूक दर बिटाला साचत जाते. ‘A’चे बिट पाठवण्याच्या क्रमाने १०००००१०. पहिले पाच नीट वाचले जातात; सहाव्याच्या वेळेपर्यंत सातवा सुरू झालेला असतो, आठव्याच्या जागी तर स्टॉप बिटच वाचला जातो. हाती येते १००००१०१, म्हणजे हेक्समध्ये A1, पडद्यावर ‘¡’. स्टॉप बिट साडेनऊ बिटांनंतर तपासला जातो, म्हणून दोन्ही टोकांची मिळून चूक पाच टक्क्यांच्या आतच हवी. व्यवहारात दोनच धरावी.

क्रिस्टल बदलणे शक्य नसेल तर SMOD बिट १ करा, TH1 मध्ये २४३ भरा आणि ४८०० बॉडवर या. तिथे चूक जेमतेम ०.१६ टक्के उरते.