छायाचित्रातील मोजमाप आणि सार्थ अंक

सार्थ अंक म्हणजे मोजमापात खात्रीने वाचता येणारे अंक आणि त्यांच्यापुढील पहिला अनिश्चित अंक. भौतिकशास्त्राच्या अनेक प्रश्नांत राशीची किंमत आयती दिलेली नसते. उपकरणाचे छायाचित्र दिलेले असते आणि त्यावरून वाचन करावे लागते. अशा वेळी सार्थ अंकांची संख्या उपकरणाच्या लघुतम मापावरून ठरते. अंतिम उत्तरात किती अंक ठेवायचे, तेही त्यावर अवलंबून असते. पुढे पोलादी गोळीची घनता काढण्याचे एक उदाहरण घेतले आहे.

== छायाचित्राचे वाचन ==

पहिल्या छायाचित्रात गोळी व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्यांत धरलेली आहे आणि उपकरणाचे लघुतम माप ०.०१ सेंमी आहे. व्हर्निअरचे शून्य मुख्य पट्टीवरील १.२ आणि १.३ सेंमी यांच्या मध्ये आहे, तर व्हर्निअरची सातवी रेघ मुख्य पट्टीवरील एका रेघेशी जुळते. म्हणून व्यास १.२७ सेंमी होतो. दुसऱ्या छायाचित्रात अंकदर्शी तराजूवर ८.३७ ग्रॅम दिसते. दोन्ही वाचनांत तीन सार्थ अंक आहेत.

छायाचित्र मोठे करून पाहिल्याने रेघा ठळक दिसतात, पण नवा अंक मिळत नाही. त्यामुळे १.२७० सेंमी असे लिहिणे चूक ठरते. जुळणारी रेघ योग्य निवडली आहे का, हे शेजारच्या रेघांवरून तपासता येते. सहावी आणि आठवी रेघ मुख्य पट्टीवरील आपापल्या जवळच्या रेघांपासून परस्परविरुद्ध दिशांना सारख्याच सरकलेल्या दिसल्या पाहिजेत. छायाचित्र तिरकस घेतलेले असेल, तर भलतीच रेघ जुळल्याचा भास होऊ शकतो. प्रत्यक्ष प्रयोगात डोळा हलवून ही चूक टाळता येते, छायाचित्रात ती सोय नसते. उपकरणात शून्य त्रुटी आहे की नाही, हे जबडे मिटलेल्या स्थितीच्या छायाचित्रावरूनच कळते. येथे ती नाही असे धरले आहे.

== आकडेमोड ==

गोलाचे घनफळ = π × व्यास³ ÷ ६

या सूत्रातील ६ ही मोजलेली राशी नसून अचूक संख्या आहे. त्यामुळे तिच्यावरून सार्थ अंकांना मर्यादा पडत नाही. π ची किंमत मात्र मोजमापापेक्षा अधिक अंकांची घ्यावी लागते. π = ३.१४१६ घेतल्यास घनफळ १.०७२५ घन सेंमी येते. हे मधले उत्तर असल्याने त्यात दोन अंक राखीव ठेवले आहेत.

घनता = ८.३७ ÷ १.०७२५ = ७.८०४… ग्रॅम प्रति घन सेंमी

गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक असलेल्या राशीइतकेच अंक उत्तरात ठेवतात. येथे ती संख्या तीन आहे. चौथा अंक ४ हा ५ पेक्षा लहान असल्याने तो गाळला जातो आणि उत्तर ७.८० ग्रॅम प्रति घन सेंमी होते.

मधल्या पायरीवरच घनफळ १.०७ केले असते, तर ८.३७ ÷ १.०७ वरून ७.८२ हे उत्तर आले असते. π = ३.१४ घेतल्यास ७.८१ येते. दोन्ही ठिकाणी वाचन बरोबर असूनही शेवटचा अंक बदलतो. म्हणून अंक गाळण्याची क्रिया एकदाच, अगदी शेवटी करतात.

== वैज्ञानिक लेखन ==

७.८० मधील शेवटचे शून्य गाळता येत नाही. ७.८ असे लिहिल्यास दोनच अंक माहीत आहेत असा अर्थ होतो. हीच घनता किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये ७८०० होते आणि तेथे वेगळी अडचण येते: शेवटची दोन शून्ये मोजमापातून आलेली आहेत की केवळ स्थान भरण्यासाठी आहेत, हे कळत नाही. ७.८० × १०³ किलोग्रॅम प्रति घन मीटर या वैज्ञानिक लेखनात ही संदिग्धता उरत नाही. दहाचा घात राशीचा आवाका सांगतो आणि गुणकातील सर्व अंक सार्थ असतात.

== मर्यादा ==

सार्थ अंकांचा नियम हा त्रुटीचा ढोबळ अंदाज आहे. व्यासाच्या वाचनात ०.०१ सेंमी इतकी त्रुटी धरल्यास ती सुमारे ०.८ टक्के होते. सूत्रात व्यासाचा घन असल्याने घनफळात ती तिप्पट, म्हणजे सुमारे २.४ टक्के होते. तराजूची त्रुटी त्या मानाने नगण्य असते. त्यामुळे घनतेतील त्रुटी सुमारे ०.२ ग्रॅम प्रति घन सेंमी येते. प्रश्नात त्रुटीसह उत्तर मागितले असेल, तर ते ७.८ ± ०.२ असे लिहावे लागते. केवळ सार्थ अंकांच्या नियमानुसार उत्तर हवे असेल, तर ७.८० हेच योग्य ठरते.