लिंक मुदतीची, मेल कायमचा

दिवाळी अंकाचं काम सप्टेंबरात हातावेगळं होतं, तेव्हा मांडणी करणाऱ्याकडे दोन फायली तयार असतात: मुखपृष्ठ आणि आतली पानं. समजा, पहिली ६४ एमबीची आणि दुसरी ३१० एमबीची. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि तीही पुरती हाती येईलच असं नाही. मेलमधून जाताना फायलीचं साध्या अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे इतक्या मोठ्या फायली जोडता येत नाहीत, लिंकच द्यावी लागते.

लिंक दिली की ती फिरते. प्रकाशक ती छापखान्याला पाठवतो, छापखान्यातला माणूस प्लेट काढणाऱ्याला, कुणी तोच मेल जाहिरात विभागाला. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी परवानगी ठेवलेली फाइल त्यामुळे दोन वर्षांनीही कुणालाही उघडता येते. मुदत घातली तर हा दरवाजा बंद होतो. पण उतरवून घेतलेली प्रत मुदतीने पुसली जात नाही, त्यामुळे पैसे थकवणाऱ्या ग्राहकावर मुदत हा इलाज नव्हे. त्यासाठी आधी कमी दर्जाचा नमुना द्यावा आणि मूळ फायली पैसे आल्यावर.

पासवर्डची गंमत वेगळी आहे. जपानी कार्यालयांत वर्षानुवर्षं एक रीत होती: एका मेलने पासवर्डची झिप फाइल आणि लगेच दुसऱ्या मेलने तिचा पासवर्ड. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथले डिजिटल मंत्री हिराई ताकुया यांनी मंत्रिमंडळ कार्यालयात ही रीत बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही मेल एकाच पेटीत पडतात, त्यामुळे ज्याच्या हाती पेटी त्याच्या हाती दोन्ही. आपल्याकडेही ‘पासवर्ड खाली दिला आहे’ असे मेल सर्रास जातात. पासवर्ड फोनवर सांगावा किंवा व्हॉट्सॲपवर पाठवावा. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल अशी जुळी अक्षरं नसावीत, कारण फोनवर ऐकणारा तिथेच अडखळतो.

गूगल ड्राइव्हच्या लिंकला पासवर्ड लावता येत नाही. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवांत पासवर्ड आणि मुदत या सोयी पैसे भरणाऱ्यांना मिळतात. नाहीतर 7-Zip या मोफत प्रोग्रामने फायलींची झिप करून AES-256 निवडावं आणि पासवर्ड लावावा. अशी झिप विंडोजच्या स्वतःच्या सोयीने बरेचदा उघडत नाही, तेव्हा 7-Zip वापरा असं ग्राहकाला आधीच कळवलेलं बरं. झिपमधल्या फायलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात, म्हणून गुपित नावात नको.

मग मेल असा:

विषय: दिवाळी अंक – छपाईच्या अंतिम फायली (लिंक २५ सप्टेंबरपर्यंत)

नमस्कार मॅडम,
अंकाच्या छपाईच्या फायली या लिंकवर आहेत: …
१. मुखपृष्ठ, पीडीएफ, ६४ एमबी
२. आतली पानं, पीडीएफ, ३१० एमबी
लिंक गुरुवार, २५ सप्टेंबर रोजी रात्री ११ वाजता (भारतीय वेळ) बंद होईल. पासवर्ड तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आहे.
फायली उतरवून दोन्ही उघडल्या की कृपया मला कळवा. मुदत उलटली तर नवी लिंक देईन.

‘सात दिवस’ असं न लिहिता तारीख आणि वेळ दिली आहे, कारण सात दिवस मेल पाठवल्यापासून की वाचल्यापासून, हा वाद नको. ग्राहक लंडनला असेल तर भारतीय वेळ लिहिणं आणखी गरजेचं. आकारही शोभेसाठी नाहीत. ३१० एमबीची फाइल ग्राहकाकडे १४० एमबीची दिसली, तर उतरवताना ती मध्येच तुटली हे दोघांनाही लगेच कळतं. मराठी मजकुराच्या पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेले आहेत ना, हे मात्र पाठवण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उघडूनच पाहावं. जुन्या फॉन्टची मराठी तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उमटते.

एक खोड फार कमी जणांना ठाऊक असते. ‘एकदाच उतरवता येईल’ अशी लिंक दिली की ग्राहक म्हणतो, लिंक मेलेली आहे. मोठ्या कार्यालयांतल्या मेल तपासणाऱ्या यंत्रणा लिंक धोक्याची आहे का हे पाहायला ती स्वतःच आधी उघडतात आणि ती एकमेव संधी तिथेच खर्ची पडते. म्हणून एकदाची अट न घालता चार-पाच वेळांची मुभा ठेवावी, आणि पाठवण्याआधी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडून पाहावी. आपण लॉग-इन असताना सगळं उघडतंच. ग्राहकाला मात्र ‘परवानगी मागा’ असा फलक दिसतो, आणि तो बहुधा शनिवारी रात्रीच दिसतो.