महोत्सवाचा प्रायोजकत्व प्रस्ताव

दुकानदार गणपतीची वर्गणी देतो ती गावरिवाज म्हणून. प्रायोजकत्वाचे पैसे मात्र त्याच्या जाहिरातीच्या खर्चातून येतात, आणि तेथे त्याचा प्रश्न सरळ असतो: माझे नाव किती जणांपर्यंत पोहोचेल आणि त्यातले माझे गिऱ्हाईक किती? स्थानिक सांस्कृतिक समितीच्या प्रस्तावाने या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. बहुतेक प्रस्तावांत समितीची परंपरा, मान्यवरांची यादी आणि गेल्या वर्षीची छायाचित्रे भरपूर असतात, पण हे उत्तरच नसते.

तालुक्याच्या गावातला तीन संध्याकाळींचा संगीत महोत्सव धरू. समिती लिहिते, ‘दहा हजार रसिकांची उपस्थिती’. मंडपात खुर्च्या आठशे आहेत, हे बाजारपेठेतल्या प्रत्येकाला दिसलेले असते. त्या एका आकड्याने बाकीचा सगळा प्रस्ताव संशयास्पद होतो. खरा आकडा काढणे अवघड नाही. दर संध्याकाळी मध्यंतराच्या जरा आधी रांगांप्रमाणे भरलेल्या खुर्च्या मोजायच्या. समजा, तीन दिवसांत अनुक्रमे 450, 600 आणि 700 माणसे भरली. बेरीज 1,750 झाली, पण ही झाली हजेरी. माणसे तितकी नव्हेत, कारण अनेक जण रोज येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी निवेदकाने ‘यंदा आज पहिल्यांदाच आलेल्यांनी हात वर करावा’ असे सांगितले आणि कार्यकर्त्यांनी हात मोजले, तर उत्तर मिळते. हात 300 आणि 250 निघाले, तर पहिल्या दिवसाच्या 450 मध्ये ते मिळवून एकूण माणसे हजार होतात. प्रस्तावात दोन्ही आकडे द्यावेत आणि ते कसे मोजले तेही एका वाक्यात सांगावे. हजार हा आकडा लहान वाटला तरी व्यापाऱ्याला तो पटतो. शिवाय हजारातली बरीच माणसे त्याचे नाव दोन-तीनदा पाहतात, हेही त्यातून कळते.

माणसे कोण, हे किती याच्याइतकेच महत्त्वाचे. शास्त्रीय गायनाला ज्येष्ठ मंडळी जास्त येत असतील, तर ठेवी गोळा करणाऱ्या पतसंस्थेला तो मंडप मोलाचा आहे. दुचाकीच्या विक्रेत्याला नृत्यस्पर्धेची संध्याकाळ हवी, जिथे कॉलेजची मुले आणि त्यांचे पालक एकत्र येतात. त्याला व्यासपीठावरच्या नावापेक्षा प्रवेशद्वाराजवळ गाडी उभी करायला जागा आणि चौकशी करणाऱ्यांचे फोन नंबर घेण्याची सोय जास्त उपयोगी पडते. म्हणून सगळ्यांना एकच छापील पत्र वाटण्यापेक्षा लाभांचे पान प्रत्येकासाठी वेगळे लिहिणे बरे.

लाभ लिहिताना मोघमपणा टाळावा. ‘योग्य प्रसिद्धी दिली जाईल’ यावरूनच नंतर वाद होतात. फलक केवढा, कुठे, घोषणा संध्याकाळी किती वेळा, स्मरणिकेत पूर्ण पान की अर्धे, राखीव खुर्च्या किती, हे मोजून लिहावे. सर्वांत मोलाची सवलत मात्र समित्या फुकट घालवतात: एका धंद्यातला एकच प्रायोजक. एका सराफाला मुख्य प्रायोजक केल्यावर शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या सराफाकडून छोटी रक्कम घेतली, तर पहिला पुढच्या वर्षी दारात उभा करत नाही. तसेच मागच्या पडद्यावर वीस बोधचिन्हे दाटली, तर एकही वाचता येत नाही. तिथे मुख्य प्रायोजकाचे एकच नाव ठेवावे.

वेळेचाही हिशेब असतो. मोठ्या कंपनीच्या गावातल्या विक्रेत्याला जाहिरातीच्या खर्चातला वाटा अनेकदा कंपनीकडून मिळतो, पण त्यासाठी आधी मंजुरी आणि नंतर बिल व छायाचित्रे लागतात. पंधरा दिवस आधी गेलेल्या समितीला तो इच्छा असूनही नकार देतो. तीन महिने आधी गेलेले बरे.

पैशाचे नाव काय, हे प्रस्तावातच स्पष्ट हवे. जाहिरातीचा हेतू नसताना दात्याच्या नावाची केवळ कृतज्ञतेची पाटी लावली, तर धर्मादाय संस्थेला मिळालेल्या त्या देणगीवर जीएसटी लागत नाही, असे 2019च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट केले आहे. उत्पादनाची जाहिरात आली की ते प्रायोजकत्व ठरून कराच्या कक्षेत येते. कर समितीने भरायचा की प्रायोजकाने, हे दोघांच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून असते, म्हणून रक्कम ठरण्याआधीच सीएला विचारलेले चांगले. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीचीही अशीच गोष्ट आहे: मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व त्या खर्चात धरता येत नाही. दोन्ही आश्वासने एकाच पत्रात देऊ नयेत.

शेवटच्या पानावर निम्मी रक्कम होकारासोबत आणि उरलेली उद्घाटनापूर्वी, असा हप्ता लिहावा. कार्यक्रम रद्द झाला किंवा पावसामुळे एक संध्याकाळ बुडाली, तर किती परत, हेही तिथेच. महोत्सव संपल्यावर पंधरा दिवसांत रोजची हजेरी, फलकाची जागेवरची छायाचित्रे आणि स्मरणिकेची प्रत प्रायोजकाला पोहोचवण्याची हमी द्यावी. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाचे पहिले पान याच कागदांतून तयार होते.